दोन तृतीयांश बहुमत म्हणजे नक्की किती मतं? ६६ टक्के, ६७ टक्के की आणखी काही?

फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा आणि हे टाइप करा:

```
149 ÷ 224 × 100
```

उत्तर ६६.५१७८... असं येईल. आता मला सांगा, २२४ जणांनी मत दिलं आणि त्यातल्या १४९ जणांनी "हो" म्हटलं, तर दोन तृतीयांश बहुमत झालं की नाही?

मित्रांनो, घाई करू नका. पूर्ण टक्क्यात गोल केलं तर हे ६७ टक्के दिसतं, म्हणजे झालं. "दोन तृतीयांश म्हणजे ६६ टक्के" असं पाठ असेल तरीही झालं. पण खरं उत्तर आहे: नाही झालं. एका मताने हुकलं. आणि हे मी मनाने रचलेलं गणित नाही. ५ सप्टेंबर १९७० रोजी राज्यसभेत अगदी हेच आकडे पडले आणि एक घटनादुरुस्ती विधेयक पडलं.

या लेखात दोन तृतीयांश म्हणजे किती टक्के, कमीत कमी किती माणसं लागतात आणि फोनवर हिशोब करताना आपण कुठे फसतो, हे याच उदाहरणावरून बघू.

१९७० मध्ये काय झालं होतं?

स्वातंत्र्यानंतर संस्थानं भारतात विलीन झाली. त्या बदल्यात संस्थानिकांना दरवर्षी सरकारकडून ठरावीक रक्कम मिळायची. याला तनखा किंवा प्रिव्ही पर्स म्हणत. आपल्याकडच्या कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी अशा संस्थानांचे राजेही त्यात होते. इंदिरा गांधींच्या सरकारला हे तनखे बंद करायचे होते. त्यासाठी राज्यघटना बदलावी लागणार होती, आणि घटना बदलायला साधं बहुमत पुरत नाही. अनुच्छेद ३६८ प्रमाणे प्रत्येक सभागृहात हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश मतं लागतात.

२ सप्टेंबर १९७० ला लोकसभेत ३३२ विरुद्ध १५४ अशी मतं पडली आणि विधेयक मंजूर झालं. तीन दिवसांनी राज्यसभेत बाजूने १४९ आणि विरोधात ७५ मतं पडली. एकूण २२४. याचे दोन तृतीयांश होतात १४९.३३. एक तृतीयांश मत कोणी देऊ शकत नाही, त्यामुळे १४९.३३ पेक्षा कमी नसलेला पहिला पूर्ण आकडा हवा, म्हणजे १५०. सरकारकडे होते १४९. विधेयक पडलं.

पुढे राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली गेली, तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७० मध्ये रद्द केला, मग लोकसभा बरखास्त झाली, १९७१ ची निवडणूक झाली आणि शेवटी त्याच वर्षी २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. राज्यसभेत त्या दिवशी एक मत जास्त पडलं असतं, तर या आदेशाची गरजच पडली नसती.

मग टक्के नक्की किती?

दोन भागिले तीन केलं तर ०.६६६६६६... असं येतं आणि ते कधीच संपत नाही. म्हणून दोन तृतीयांश ६६ टक्के नाही, ६७ टक्के नाही आणि काटेकोरपणे बघितलं तर ६६.६७ टक्केही नाही. ते ६६ पूर्णांक दोन तृतीयांश टक्के आहे. दशांशात लिहिलं की ते कुठेतरी तोडावं लागतं, आणि सगळी गडबड त्या तोडण्यातच होते.

आपल्या २२४ वरच बघा. ६६ टक्के धरले तर १४७.८४ येतं, म्हणजे १४८ मतं पुरतील असं वाटतं. हे चूक, कारण दोन मतं कमी पडतात. ६७ टक्के धरले तर १५०.०८ येतं, म्हणजे १५१ मतं मागावी लागतात. हेही चूक, कारण एक मत जास्त मागितलं. म्हणजे एकच सभा आणि एकच मतदान, पण टक्का कसा लिहिला यावर निकाल बदलतो.

६६.६७ टाकलं तर सुटलो का? २२४ साठी हो, कारण १४९.३४ येतं आणि वर नेलं की १५०. पण ही युक्ती दरवेळी चालत नाही, आणि हे मी स्वतः चूक करून शिकलो आहे. आमच्या ३० जणांच्या एका गटात नियम बदलायचा होता आणि "किमान दोन तृतीयांश सभासद" अशी अट होती. हिशोब माझ्याकडे होता. मी फोनवर ३० चे ६६.६७ टक्के काढले. उत्तर आलं २०.००१. अपूर्णांक आला की वर न्यायचं, एवढं मला माहीत होतं, म्हणून मी २१ मतं लागतील असं सांगितलं. बाजूने २० मतं पडली आणि ठराव पडला असं मी जाहीर करून टाकलं. खरं तर ३० चे दोन तृतीयांश बरोबर २० होतात. तो ठराव मंजूर झाला होता! ०.००१ हा माझ्याच ६६.६७ ने तयार केलेला कचरा होता. दुसऱ्या दिवशी एकाने पाटीपेन्सिलचं गणित करून दाखवलं तेव्हा मला गटात माफी मागून निकाल बदलावा लागला.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: टक्के वापरायचेच नाहीत. माणसं मोजायची.

सोपी पद्धत: एक तृतीयांश काढा आणि वजा करा

दोन तृतीयांश हवेत म्हणजे उरलेले एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावेत. हीच गोष्ट उलट बाजूने मोजली की गोल करायची भानगडच राहत नाही.

१. एकूण आकड्याला ३ ने भागा.
२. पॉइंटनंतरचं सगळं सोडून द्या.
३. जे उरलं ते एकूण आकड्यातून वजा करा.

२२४ साठी करून बघू. २२४ भागिले ३ म्हणजे ७४.६६. पॉइंटनंतरचं सोडलं, राहिले ७४. २२४ मधून ७४ गेले, राहिले १५०. आलं उत्तर. यातला ७४ चा आकडाही कामाचा आहे. विरोधात जास्तीत जास्त ७४ चालले असते, प्रत्यक्षात ७५ होते.

माझ्या ३० च्या गटासाठी: ३० भागिले ३ म्हणजे १०, आणि ३० वजा १० म्हणजे २०. कचरा नाही, वाद नाही.

गुगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये एकूण आकडा A1 या खान्यात लिहिला असेल तर हेच असं लिहा:

```
=A1-INT(A1/3)
```

`INT` म्हणजे पॉइंटनंतरचं सोडून द्या. इथे `ROUND` वापरू नका. `ROUND` जवळच्या आकड्याकडे जातं, आणि १४९.३३ च्या जवळचा आकडा १४९ आहे, म्हणजे नेमका चुकीचा.

गंमत अशी की `ROUND` ची चूक कधीकधी लपून राहते. ५५ चे दोन तृतीयांश ३६.६७ होतात. गोल केलं तरी ३७, वर नेलं तरी ३७. पाच-सहा आकड्यांवर उत्तर बरोबर आलं म्हणून आपण फॉर्म्युलावर विश्वास ठेवतो आणि २२४ आला की तोंडावर पडतो. फॉर्म्युला तपासायचा असेल तर तो १० वर चालवून बघा. १० चे दोन तृतीयांश ६.६७, उत्तर ७. मग १३ वर चालवा. ८.६७, उत्तर ९. इथपर्यंत सगळे फॉर्म्युले पास होतात. आता ११ वर चालवा. ७.३३ येतं आणि बरोबर उत्तर ८ आहे. ज्याचं उत्तर ७ येईल तो फॉर्म्युला फेकून द्या.

नेहमी लागणारे काही आकडे तयार देतो:

| एकूण | कमीत कमी हवेत | प्रत्यक्ष टक्के |
|---|---|---|
| ५ | ४ | ८० |
| ७ | ५ | ७१.४ |
| १० | ७ | ७० |
| १५ | १० | ६६.७ |
| २० | १४ | ७० |
| ५५ | ३७ | ६७.३ |
| १०० | ६७ | ६७ |
| २८८ | १९२ | ६६.७ |
| ५४३ | ३६२ | ६६.७ |

तिसरा रकाना बघा. लहान गटात प्रत्यक्ष टक्का ६६.६७ च्या बराच वर जातो. पाच जणांच्या समितीत तिघांचे ६० टक्केच होतात, म्हणून चौथा लागतोच आणि टक्का थेट ८० वर जातो. पाच जणांच्या समितीत "दोन तृतीयांश" हा नियम ठेवणं म्हणजे खरं तर "पाचपैकी चार" असा नियम ठेवणं. नियम लिहिताना हे लक्षात असू द्या.

एकूण आकडा माहीत नसेल तर?

सभेत बऱ्याचदा दोनच आकडे हातात असतात: बाजूने इतके, विरोधात इतके. तेव्हा भागाकारही करायला नको. बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान दुप्पट असली की दोन तृतीयांश झालं. राज्यसभेत विरोधात ७५ होते, दुप्पट १५०, बाजूने १४९. नाही झालं. लोकसभेत विरोधात १५४ होते, दुप्पट ३०८, बाजूने ३३२. झालं. टीव्हीवर आकडे आले की दोन सेकंदात तोंडी सांगता येतं.

पण ही दुप्पटवाली युक्ती फक्त तेव्हाच चालते जेव्हा तटस्थ आणि गैरहजर लोक मोजायचे नसतात. आणि इथेच दुसरी मोठी चूक होते.

दोन तृतीयांश, पण कशाचे?

आकडा बरोबर काढला तरी तो चुकीच्या एकूण आकड्यावर काढला तर उपयोग नाही. त्यामुळे नियमातलं वाक्य पूर्ण वाचा. मुख्यतः दोन प्रकार सापडतात.

पहिला प्रकार म्हणजे "उपस्थित राहून मतदान करणारे". घटनादुरुस्तीत हाच आहे. इथे जो आलाच नाही किंवा येऊन तटस्थ राहिला, तो हिशोबातच नाही. त्यामुळे गप्प बसणाऱ्याचाही परिणाम होतो. राज्यसभेतल्या त्या ७५ विरोधकांपैकी फक्त एक जण मतदानाच्या वेळी बाहेर चहा प्यायला गेला असता तर? एकूण २२३ झाले असते. २२३ भागिले ३ म्हणजे ७४.३३, सोडून ७४, आणि २२३ वजा ७४ म्हणजे १४९. सरकारकडे १४९ च होते, म्हणजे विधेयक पास! बाजूने एकही मत वाढलं नसतं, तरी निकाल उलटला असता.

दुसरा प्रकार म्हणजे "एकूण सदस्य". इथे कोण आलं, कोण नाही याने एकूण आकडा हलत नाही. याचं आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. जून २०२२ मध्ये शिवसेनेच्या आमदारांबद्दल बातम्यांमध्ये सतत ३७ हा आकडा येत होता. तेव्हा विधानसभेत पक्षाचे ५५ आमदार होते. पक्षांतरबंदी कायदा म्हणजे घटनेची दहावी अनुसूची. तिच्या चौथ्या परिच्छेदात विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांची अट आहे. ५५ भागिले ३ म्हणजे १८.३३, सोडून १८, आणि ५५ वजा १८ म्हणजे ३७. ३६ जण असते तर ६५.४५ टक्के झाले असते आणि अट पूर्ण झाली नसती. इथे एखादा आमदार कुठल्याच बाजूला न जाता घरी बसला, तरी तो ५५ मध्ये धरला जातो. म्हणजे घरी बसणं हे नकार देण्यासारखंच ठरतं. पहिल्या प्रकाराच्या बरोबर उलट.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. चौथा परिच्छेद हा पक्षाच्या दुसऱ्या पक्षातल्या विलीनीकरणाबद्दल आहे. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तर त्याला "फूट" म्हणून वेगळं संरक्षण होतं, ते २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकलं. त्यामुळे नुसता ३७ चा आकडा जमला की सगळे कायद्याने सुरक्षित, असा सरळ अर्थ होत नाही. आकडा ही एक अट आहे, पूर्ण कायदा नाही.

दोन अटी एकत्र आल्या की

घटनादुरुस्तीत खरं तर दोन्ही प्रकार एकत्र आहेत. मतदान करणाऱ्यांचे किमान दोन तृतीयांश हवेतच, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतंही हवीत. राज्यसभेत कमाल २५० सदस्य असू शकतात, त्यामुळे १४९ मतांनी ही दुसरी अट १९७० मध्ये आरामात पार केली होती. अडलं ते पहिल्या अटीवर.

आजच्या लोकसभेत ५४३ जागा आहेत. निम्म्याहून जास्त म्हणजे २७२. रिकाम्या जागाही यात धरतात. सगळ्या ५४३ जणांनी मत दिलं तर ३६२ लागतील. ४५० जणांनी दिलं तर ३०० लागतील. ४०८ जणांनी दिलं तर २७२ लागतील. आणि समजा ३६० जणांनीच मत दिलं, तर दोन तृतीयांश २४० होतात, पण २४० वर विधेयक पास होणार नाही, कारण दुसरी अट २७२ मागते. म्हणून "घटना बदलायला ३६२ खासदार लागतात" असं कोणी सांगितलं तर ते अर्धं खरं आहे. ३६२ हा सगळे हजर असतानाचा आकडा आहे.

"किमान" की "पेक्षा जास्त"?

आतापर्यंत आपण "किमान दोन तृतीयांश" धरलं. पण एखाद्या नियमात "दोन तृतीयांशपेक्षा जास्त" असं लिहिलेलं असेल तर? एकूण आकड्याला ३ ने पूर्ण भाग जात नसेल, तर काहीच फरक पडत नाही. २२४ ला दोन्हीकडे १५० च. पण ३ ने पूर्ण भाग जात असेल तर एक माणूस वाढतो. ३० मध्ये "किमान" असेल तर २०, "पेक्षा जास्त" असेल तर २१. म्हणजे नियम तसा लिहिलेला असता, तर माझं २१ बरोबर ठरलं असतं! पण तो तसा नव्हता.

व्हॉट्सअ‍ॅप पोलवर मोजताना

सोसायटी, मंडळ, कॉलेजचा ग्रुप, सगळीकडे आता पोल टाकून ठराव होतात. तिथे तीन गोष्टी सांभाळा.

पोल बनवताना `Allow multiple answers` हा पर्याय बंद करा. तो चालू राहिला तर एकच माणूस "हो" आणि "नाही" दोन्हीवर टिक करू शकतो आणि एकूण आकडाच बिघडतो.

पोलमध्ये दिलेलं मत नंतर बदलता येतं. म्हणून मुदतीची वेळ आधीच लिहा आणि त्या वेळेला स्क्रीनशॉट घ्या. एका मतावर निकाल असेल तर रात्री पास झालेला ठराव सकाळी पडलेला दिसू शकतो.

आणि पोलच्या वरच लिहा की दोन तृतीयांश कशाचे: ग्रुपमधल्या सगळ्यांचे की मत देणाऱ्यांचे. समजा ग्रुपमध्ये ४१ जण आहेत, "हो" २४, "नाही" ११, आणि ६ जणांनी काहीच दाबलं नाही. मत देणाऱ्यांचे धरले तर ११ ची दुप्पट २२, आणि २४ त्यापेक्षा जास्त, म्हणून मंजूर. सगळ्यांचे धरले तर ४१ भागिले ३ म्हणजे १३.६६, सोडून १३, आणि ४१ वजा १३ म्हणजे २८ हवेत, म्हणून नामंजूर. दोन्ही हिशोब बरोबर आहेत. कोणता लागू हे मतं पडल्यावर ठरवायला बसलात तर भांडण ठरलेलं, कारण तोपर्यंत प्रत्येकाला आपल्याला कोणता हिशोब सोयीचा आहे ते कळलेलं असतं.